बारीक, सरळ केस आणि लेअर्स: मीनलला पत्र

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मीनल,

पाठमोरा फोटो मिळाला आणि पोनीची मापंही मिळाली. पार्लरवाल्या ताईंनी सांगितलं की अजून दोन-तीन लेअर्स घेतले की केस भरीव दिसतील. माझं ऐकशील तर घेऊ नकोस. आहेत त्या लेअर्सनीच तुझे केस चपटे दिसताहेत. फोनवर हे घाईत होतं आणि अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते.

तुझे केस बारीक आहेत, विरळ नाहीत. माथ्यावर केसांची संख्या चांगली आहे, पण एकेक केस पातळ आहे. सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. केसाची जाडी निम्मी झाली की त्याचं वजन चौथ्या हिश्शावर येतं, पण ताठपणा मात्र सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे बारीक केस हलका असला तरी त्या हलकेपणाच्या मानाने फारच लवचीक असतो. स्वतःचं जे काही थोडं वजन आहे, तेही त्याला पेलत नाही. "वजन कमी केलं की मुळं उचलली जातील" हे वाक्य प्रत्येक पार्लरमध्ये ऐकू येतं, आणि ते अगदी खोटंही नाही. पण त्यासाठी माथ्यावरचे केस चार-पाच सेंटीमीटरवर आणावे लागतात. हनुवटीपर्यंतची लट बारीक केसात उभी राहत नाही. ती खालच्या केसांवर सपाट पडून राहते. मुळं उठत नाहीत आणि खालची टोकं मात्र रिकामी होतात.

कुरळ्या किंवा लाटा असलेल्या केसात गोष्ट वेगळी असते. तिथे वजन कमी झालं की वळण वर चढतं आणि आखूड लट आजूबाजूच्या लटांना बाजूला सारून जागा व्यापते. जाड, दाट केसात लेअर्स घेतात ते फुगारा कमी करायला. म्हणजे हा कट मुळात भार काढायचा आहे, आणि तुझ्याकडे काढण्याजोगा भारच नाही. तुझ्या केसाला वळणही नाही, त्यामुळे आखूड लट जिथे संपते तिथे फक्त एक पायरी दिसते.

आता मापांकडे ये. मानेशी बांधलेल्या पोनीचा घेर रबरापाशी 7 सेंटीमीटर आणि टोकाच्या वीतभर वर 3 सेंटीमीटर, असं तू लिहिलंस. घेर निम्मा झाला म्हणजे केस निम्मे झाले, असं वाटतं, पण तसं होत नाही. केसांची संख्या घेराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 3 चा वर्ग 9, 7 चा वर्ग 49. म्हणजे रबरापाशी जेवढे केस आहेत त्यांचा पाचवा हिस्सासुद्धा खाली पोचत नाही. लेअर्स नसलेल्या केसांतही टोकाकडे थोडे केस कमी होतातच, कारण सगळे एकाच वयाचे नसतात, काही तुटलेले असतात. पण इतका फरक वाढीमुळे पडत नाही, तो कात्रीमुळे पडतो. फोटोत पाठीवर ड्रेसचा रंग केसांमधून दिसतोय, तो त्याच भागात.

म्हणून आधी एक काम कर. पोनी तशीच बांधून दोरा खाली-खाली सरकवत जा आणि घेर 5 सेंटीमीटर कुठे भरतो ते बघ. 5 चा वर्ग 25, म्हणजे 49 च्या निम्मा. तिथवर निम्मे केस पोचतात. त्या जागी छोटं रबर लाव, मग वरचं रबर सोडून केस मोकळे कर आणि आरशात बघ की छोटं रबर कुठे येतं. फोटोवरून मला ते कॉलरबोनच्या दोनेक बोटं खाली येईल असं वाटतं. तुझी नवी लांबी तीच. त्याखालचं जे काही आहे ते लांबी म्हणून दिसत नाही, विरळपणा म्हणून दिसतं. खुणेची जागा नेमकी खांद्यावर आली तर मात्र थोडं वर किंवा थोडं खाली जा, कारण खांद्याला टेकलेली टोकं बाहेर वळतात आणि सरळ रेघ मोडते.

आता मागायचं कसं. "व्हॉल्यूम हवाय" हे शब्द तोंडातून काढूच नकोस. ते ऐकलं की हात आपोआप लेअर्सकडे जातो. "थोडे हलके करा", "थोडा शेप द्या" याचाही अर्थ तोच घेतला जातो. यू कट मागितलास तर खालची रेघ गोल होते आणि बाजूचे केस जातात, व्ही कटमध्ये ते जास्तच जातात, स्टेप कट आणि फेदर कट तर लेअर्सचीच भावंडं. तू मागायचास ब्लंट कट, एका लांबीचा, सगळी टोकं एका रेघेत. एका ठिकाणी संपणारी टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि खाली एक गडद, ठळक कड तयार होते. बघणाऱ्याला केस दाट वाटतात ते या कडेमुळे.

मांजलपूरच्या त्या ताई गुजरातीच बोलतात ना, मग सरळ असं सांग: "मारे लेयर नथी जोइता. नीचे एक सरखी, सीधी लाइन राखजो. पातळा करवानी कातर ना वापरशो." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दाते असलेली कात्री बारीक केसात घातली की मधले काही केस आखूड होतात. ते आतून लांब केसांना टेकू देतील असं सांगतात, पण बारीक केसाला टेकू देण्याइतका ताठपणाच नसतो, त्यामुळे टोकं फक्त पिंजारलेली दिसतात. वस्तऱ्याने कापलं तर टोक तिरकं, निमुळतं होतं आणि लवकर फाटतं. साधी, धारदार, सरळ कात्रीच हवी.

फोटो न्यायचा असेल तर सरळ, बारीक केसांचाच ने, आणि पाठमोरा. समोरच्या फोटोत केस बहुधा गोल ब्रशवर वाळवलेले किंवा यंत्राने वळवलेले असतात. तो फुलोरा कटमुळे नसतो.

खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेव. पहिली, केसांची लट कंगव्यात धरून छताकडे उचलली जातेय का. लट वर उचलून कापली की वरचे केस आपोआप आखूड होतात, लेअर म्हणतात तो हाच. तुझे केस मानेला चिकटूनच, खाली विंचरून कापले गेले पाहिजेत. लट उचलताना दिसली की लगेच थांबव, नंतर सांगून काही उपयोग नाही. दुसरी, कंगव्याचा ताण. ओले केस खूप ओढून कापले की वाळल्यावर रेघ वर चढते, आणि कानाशी जिथे केस बाहेर ढकलले जातात तिथे खाच पडते. मान सरळ, पाय जमिनीवर टेकलेले, एका पायावर दुसरा पाय नको, कारण तेवढ्यानेही खांदा कलतो. मागची पहिली रेघ कापताना मान किंचित पुढे वाकवायला सांगतील, ते ठीक आहे. शेवटची तपासणी मात्र मान सरळ ठेवून आणि केस वाळल्यावर व्हायला हवी. ब्रशने गोल वळवून वाळवू नका म्हण. वळवलेल्या टोकांत चुका लपतात आणि त्या तुला दोन दिवसांनी घरी न्हाल्यावर दिसतात.

कापून झालं तरी वरचे जुने लेअर्स तसेच राहणार, आणि इथेच बहुतेक जणी घाबरून पुन्हा "सारखे करून द्या" म्हणतात. तसं करू नकोस, सारखे करता करता खालची रेघ पुन्हा जाते. हिशेब असा आहे: केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. तुझी सर्वात आखूड लट हनुवटीशी आहे आणि नवी रेघ तिच्यापासून समजा 12 सेंटीमीटर खाली आहे. तर ती लट रेघेपर्यंत यायला सुमारे दहा महिने लागतील. तोवर दर अडीच महिन्यांनी जा आणि फक्त खालची वाढ, तीनेक सेंटीमीटर, कापून रेघ होती तिथेच आणून घे. वरच्या केसांना हात लावायचा नाही. लांबी तेवढीच राहील, पण दर खेपेला पोनीचा घेर खालपर्यंत थोडा जास्त भरेल. पुढच्या उन्हाळ्यात मोजशील तेव्हा कळेलच. लांबी वाढवायची असेल तर त्यानंतर वाढव.

समोरून अगदीच सपाट वाटत असेल तर एवढी सूट घे: कानाच्या पुढची, दोन बोटं रुंद लट, दोन्हीकडे, आणि तिची सुरुवात हनुवटीच्या खालून. त्याहून रुंद किंवा त्याहून वर नको. फ्रिंज तर सध्या अजिबात नको. दाट दिसावी म्हणून ती माथ्याच्या मागपर्यंतचे केस ओढून घेते आणि भांगाजवळचा भाग उघडा पडतो.

मुळांचा उठाव कटने नाही, वाळवताना मिळतो. भांग रोजच्या जागेपासून दोन बोटं सरकवून, मान खाली घालून, बोटांनी मुळं उचलत ऐंशी टक्के वाळव, मगच सरळ उभी राहून भांग पाड. कंडिशनर फक्त कानाखालच्या भागाला लाव. सरळ केसावरून डोक्याचं तेल भराभर खाली उतरतं, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी केस डोक्याला चिकटतात. त्या महिन्यांत एक दिवसाआड न्हायला हरकत नाही. तेल लावणार असशील तर न्हाण्याच्या तासभर आधी लाव, रात्रभर ठेवू नकोस.

एक मात्र बघून ठेव. भांग पूर्वीपेक्षा रुंद झालाय, किंवा रबरापाशीच घेर 7 वरून 6 वर आलाय असं दिसलं, तर तो कटचा प्रश्न नाही. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. लोह किंवा थायरॉइड तपासायचं का ते त्या ठरवतील.

तुझी,
स्मिता