बिल जमा झालं, आता स्लिपा काढून बस

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला उसाच्या बिलाचा फोटो ताईच्या मोबाइलवर मोठा करून पाहिला. दोन्ही खात्यांचं मिळून टनेज 95.420 येतं, ते आपल्या हिशेबाशी जुळतं, म्हणून बिल बरोबर आहे, असं तू लिहिलंस. बेरीज जुळते, हे खरं. पण बिल बरोबर नाही. बाळंतिणीला सोडून मला इतक्यात येता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. वही आणि स्लिपांची पिशवी कपाटात वरच्या खणात आहे, ती घेऊन बस.

आधी दर. बिलावर नुसता 3016 रुपये टन असा निव्वळ दर छापलाय. तो कुठून आला हे आपल्याला मांडता आलं पाहिजे. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये वाढतात. आपल्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा वार्षिक अहवालात 11.25 छापलाय. म्हणजे 10.25 च्या वर एक टक्का, त्याचे 346 रुपये. एकूण 3896. त्यातून तोडणी-वाहतुकीचे 880 गेले की 3016 उरतात. दर बरोबर आहे. उतारा मात्र कोणत्या हंगामाचा धरलाय ते दरवर्षी बघत जा. 2022 च्या शासन निर्णयाने चालू हंगामाचा उतारा धरून दोन हप्त्यांत पैसे द्यायची मुभा दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केली.

हे 880 रुपये आपल्या उसाला लागलेला प्रत्यक्ष खर्च नव्हे. कारखान्याने हंगामात जेवढा ऊस आणला त्या सगळ्याची ती सरासरी आहे. आपला फड कारखान्यापासून जवळ, तरी चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या उसाएवढीच कपात आपल्याला लागते. मला हे पटत नाही आणि सभेत विचारायलाच हवं. पण बिलाची चूक म्हणून ते मांडता येणार नाही, तेव्हा अर्जात ते घालू नकोस. बघायचं ते एवढंच, की निव्वळ दर दिल्यावर खाली कपातींच्या रकान्यात तोडणी-वाहतूक पुन्हा एकदा धरली नाही ना. या बिलात तो रकाना रिकामा आहे. टोळीला दिलेली खुशाली आणि ड्रायव्हरला दिलेले पैसे यात कुठेच येत नाहीत. तोडणीचे पैसे टनामागे आधीच कापलेले असताना तो आपला वरचा खर्च झाला, म्हणून वहीत वेगळ्या पानावर लिही.

आता स्लिपा. पाच खेपा गेल्या, पाच स्लिपा आहेत. विहिरीजवळच्या फडाच्या तीन: 19.460, 20.115 आणि 18.705. ती माझ्या नावची नोंद, आडसाली लागण. कालव्याकडच्या खोडव्याच्या दोन: 17.930 आणि 19.210. ती तुझ्या अण्णांच्या नावची. म्हणजे माझ्या खात्यावर 58.280 टन यायला हवे आणि अण्णांच्या खात्यावर 37.140. बिलात माझ्याकडे 39.575 आणि अण्णांकडे 55.845 आहेत. फरक बरोबर 18.705 चा. विहिरीच्या फडाची तिसरी खेप अण्णांच्या कोडवर चढली आहे.

ही खेप रात्री भरली होती. त्या रात्री चिटबॉयने खोडव्याची चिठ्ठी आणि लागणीची चिठ्ठी एकाच ड्रायव्हरकडे दिली. काट्यावर सभासद कोड चिठ्ठीवरून घेतात, गाडी कुठल्या फडातून आली हे तिथे कोणाला कळत नाही. त्यामुळे स्लिप हातात आली की वजनाच्याही आधी कोड आणि प्लॉट नंबर वाचायचा. त्या स्लिपेवर कोड अण्णांचा आहे, प्लॉट नंबर मात्र माझ्या विहिरीच्या नोंदीचा. चूक त्या एका कागदावरच सिद्ध होते, म्हणून मूळ स्लिप कोणाला देऊ नकोस, झेरॉक्सच दे. काट्याच्या छापील पावत्यांची शाई उन्हात आणि प्लास्टिकमध्ये उडते, तेव्हा पाचही स्लिपांच्या झेरॉक्स आजच काढून ठेव.

वजनाचं म्हणशील तर प्रत्येक स्लिपेवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं अशी दोन वजनं असतात. पहिल्या दोन खेपा एकाच ट्रॅक्टरच्या, त्याच ट्रॉल्यांच्या आहेत. त्यांची रिकामी वजनं 7.840 आणि 7.915, म्हणजे पाऊण क्विंटलचा फरक. डिझेल आणि चिखलात एवढं इकडेतिकडे होतं. तोच ट्रॅक्टर आणि त्याच ट्रॉल्या असूनही रिकामं वजन अर्ध्या टनाने जास्त आलं असतं, तर मी तेव्हाच काट्यावर जाऊन विचारलं असतं, कारण तेवढा ऊस आपल्या निव्वळ वजनातून गेलेला असतो. या वेळी वजनाबद्दल माझी तक्रार नाही.

तू म्हणशील, पैसे घरातच आले ना, मग कोणाच्या का खात्यावर असेनात. तसं नाही. 18.705 टनांचे 3016 ने 56,414 रुपये होतात. ते माझ्या खात्यावर यायचे होते, तिथे माझ्यावर काहीच कर्ज नाही. अण्णांच्या खात्यावर सोसायटीचं एक लाखाचं पीककर्ज आणि कारखान्याच्या खताचा ॲडव्हान्स आहे. त्यांच्या खऱ्या 37.140 टनांचे 1,12,014 रुपये झाले असते आणि वसुली 1,24,479 ची आहे. म्हणजे वसुलीच पुरी झाली नसती, 12,465 रुपये पुढच्या हप्त्यावर राहिले असते. माझ्या उसातून ती वसुली भागली आणि वर 43,948 त्यांच्या बँकेत जमा झाले. शिवाय टनेज ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर दिवाळीचा जादा दर पडतो. माझ्या मेहनतीचा ऊस माझ्याच खात्यावर दिसला पाहिजे, याबद्दल मी मागे हटणार नाही.

दुरुस्ती झाली की कारखाना अण्णांच्या खात्यातली जास्तीची रक्कम परत मागेल. ते 43,948 खर्चू नकोस. ठिबकवाल्याला सांग, पंधरा दिवस थांब.

आता ॲडव्हान्स. 15 जानेवारी 2025 ला खोडव्यासाठी 22,000 रुपयांचं खत उचललं, उधारीची पावती वहीत टाचलेली आहे. व्याज 11 टक्के. बिलात व्याज 2479 रुपये 67 पैसे धरलंय. दिवस मोजून बघ. वर्षाचे 2420, म्हणजे दिवसाला 6 रुपये 63 पैसे. त्या हिशेबाने ते 374 दिवसांचं व्याज आहे, म्हणजे 24 जानेवारी 2026 पर्यंतचं, ज्या दिवशी बिल जमा झालं. आपला ऊस मात्र 12 डिसेंबरलाच संपला होता. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणजे 26 डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी आपले पैसे कारखान्याकडेच होते. वेळेत बिल काढलं असतं तर ॲडव्हान्स तेव्हाच फिटला असता. पुढच्या 29 दिवसांचं व्याज, 192 रुपये, त्यांच्या उशिराचं आहे आणि ते आपल्यावर टाकलंय.

रक्कम लहान आहे म्हणून सोडू नकोस, कारण याच 29 दिवसांची दुसरी बाजू मोठी आहे. 14 दिवसांनंतर उशीर झाला तर कारखान्याने शेतकऱ्याला वर्षाला 15 टक्के व्याज द्यायचं, असं त्याच आदेशात आहे. आपल्या 95.420 टनांचे 2,87,786 रुपये होतात. त्यावर दिवसाला 118 रुपयांहून थोडं जास्त, 29 दिवसांचे सुमारे 3430 रुपये. आपल्याकडून घ्यायचं व्याज त्यांनी पैशापर्यंत मोजलं आणि द्यायच्या व्याजाचा रकानासुद्धा बिलात नाही. मला खरा राग आला तो इथे.

सोसायटीच्या एका लाखाचं वेगळं बघायचंय. कारखाना ती रक्कम कापून सोसायटीकडे पाठवतो, पण कापणं आणि आपल्या कर्जखात्यावर जमा होणं यात कधी कधी दिवस जातात आणि तोवर खातं थकलेलं दिसतं. सचिवांकडे जाऊन पासबुक भरून घे आणि जमा तारीख बघ. कालव्याची पाणीपट्टी या बिलात धरलेली नाही, तेव्हा पुढच्या हप्त्यात ती येईल असं धरून चाल.

उद्या दोन अर्ज लिही, एकात सगळं कोंबू नकोस. पहिला शेतकी अधिकाऱ्यांच्या नावाने, फक्त चुकीच्या कोडवर चढलेल्या खेपेचा. त्यात स्लिपेचा नंबर, तारीख, गाडी नंबर, वजन, प्लॉट नंबर आणि दोन्ही कोड लिहायचे आणि सोबत त्या स्लिपेची आणि माझ्या ऊसनोंदीच्या पावतीची झेरॉक्स जोडायची. हा तोंडी सांगून सुद्धा होईल असं गट ऑफिसला म्हणतील, तरी लेखीच दे, कारण पंधरवड्याचं बिल एकदा बंद झालं की दुरुस्ती पुढच्या बिलात टाकतात आणि तोवर कोणाला आठवत नाही. दुसरा अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावाने, व्याजाचा. त्यात ऊस पोचल्याची शेवटची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, मधले दिवस आणि दोन्ही आकडे, एवढंच. या अर्जावर लगेच काही होईल अशी मला आशा नाही. पण तो दिलेला असला तरच पुढे प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे जाता येतं.

माझ्या अर्जावर सही माझी लागेल. तू मजकूर लिहून इथे पाठव, मी सही करून परवाच्या एसटीने तुझ्या मामाकडे देते. दोन्ही अर्जांच्या दोन-दोन प्रती कर आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस.

अण्णांना औषध वेळेवर दे. ताई आणि बाळ बरे आहेत.

तुझी आई