रोजी कमी मिळाली, पण नेमकी किती?

प्रति,
मा. संपादक,

विषय : ठरल्यापेक्षा कमी दिलेल्या मजुरीचा हिशोब

महोदय,

कापसाचा हंगाम आटोपला की थकलेल्या मजुरीच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. बातमीत मजुराचा एक आकडा असतो आणि मालकाचा दुसरा. हे दोन आकडे कुठून आले ते मात्र कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी लोकांना अर्ज लिहून देतो. कमी रोजीचे बरेच दावे मालकाच्या जोरापेक्षा मजुराच्या कच्च्या हिशोबाने पडतात, हे मी पाहत आलो आहे. यंदाचे एक प्रकरण त्यासाठी मांडतो.

शेजारचे एक भाऊ जवळच्या जिनिंगमध्ये डिसेंबर ते मे कामाला होते. रोज 500 रुपये ठरला, तोही दोन सोबत्यांसमोर. हाती मात्र सुरुवातीला 400 च्या हिशोबाने पैसे आले. विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "सीझन संपला का बाकीचे एकदम देतो." फेब्रुवारीपासून 430 झाले. ही वाढ म्हणजे मेहरबानीच, असं मजुरांनाही वाटू लागलं. कमतरता होती तशीच राहिली, फक्त थोडी उथळ झाली.

शिवाय कामाला लागतानाच भाऊंनी 6,000 रुपयांची उचल घेतली होती. ती दर आठवड्याला 500 प्रमाणे कापली गेली. पैसे बाजाराच्या दिवशी वैनींच्या खात्यावर यायचे. सहा दिवस भरले तर 400 प्रमाणे 2,400, त्यातून उचलीचे 500 वजा, जमा 1,900. पाचशेच्या रोजाने तेच 2,500 यायला हवे होते. पण कपात होतेच आहे म्हटल्यावर आठवड्याला गेलेले 600 रुपये त्या कपातीआड दडले. पगाराची चिठ्ठी एकदाही मिळाली नाही.

हंगाम संपल्यावर भाऊंनी हिशोब केला तो असा. कामाचे दिवस 136, पाचशेने 68,000. खात्यावर जमा 51,040. म्हणून बाकी 16,960. हा आकडा घेऊन ते जिनिंगवर गेले. दिवाणजींनी वही उघडली, उचलीची सही दाखवली आणि चारचौघांत म्हटलं, "सहा हजार घेतले ते कुठी गेले?" सहा हजारांची चूक निघाली आणि सगळा दावाच खोटा ठरला. खरी थकबाकी त्या गोंधळात विचारायची राहूनच गेली.

उचल ही आधी मिळालेली मजुरीच आहे. ती मिळालेल्या पैशात धरायची. 51,040 अधिक 6,000 म्हणजे 57,040 मिळाले. 68,000 मधून ते वजा केले की बाकी राहते 10,960.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही काढून पाहावा. डिसेंबरचे 22 आणि जानेवारीचे 26 मिळून 48 दिवस रोजामागे 100 रुपये कमी, ते झाले 4,800. फेब्रुवारी ते मे 23, 25, 24 आणि 16 मिळून 88 दिवस 70 रुपये कमी, ते झाले 6,160. बेरीज 10,960. दोन्ही वाटांनी आकडा एकच आला, तर हिशोबावर बोट ठेवायला जागा उरत नाही. नाही आला, तर कुठली तरी उचल, किराणा किंवा न मोजलेला दिवस राहून गेला आहे असं समजावं.

आमच्याकडच्या एका शिकलेल्या पोराने इथे सोपी वाट काढली. 400 आणि 430 ची सरासरी 415, म्हणजे रोज 85 कमी, गुणिले 136. उत्तर 11,560. सहाशे रुपये जास्त! चारशेचे दिवस 48 आणि चारशेतीसचे 88 असताना सरळ सरासरी चालत नाही. रोज जेव्हा जेव्हा बदलला, तिथे हिशोबाचा तुकडा पाडलाच पाहिजे.

मग वाद दिवसांवर आला. दिवाणजी म्हणाले 132 दिवस. भाऊंची भिस्त त्यांच्याच वहीवर होती. "आपण कायले लिहून ठेवाचं, ते लिहितेत ना," हे त्यांचं म्हणणं. वैनींनी मात्र कालनिर्णयच्या चौकटीत रोज खूण केली होती. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला फुली आणि खाड्याला काहीच नाही. त्यात आठ फुल्या निघाल्या, म्हणजे चार दिवस. वहीत नेमके तेवढेच गायब. यावर पासबुकच साक्षीला आलं. जानेवारीतल्या एका आठवड्याला 1,700 जमा होते. त्यात कापलेले 500 मिळवले तर 2,200, आणि चारशेने भागलं तर साडेपाच दिवस. अर्ध्या दिवसाचे पैसे जिनिंगनेच दिले होते, मग तो दिवस वहीत नाही कसा? कॅलेंडर खोटं म्हणता येतं, पण स्वतः पाठवलेल्या पैशाला खोटं कसं म्हणणार?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यात कमी दिलेल्या मजुरीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. आधी किमान वेतन कायद्यात ती सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्यात बारा महिने होती, त्यामुळे "सीझन संपल्यावर पाहू" म्हणता म्हणता मुदत निघून जायची. पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करायची जबाबदारी या संहितेत मालकावर आहे. थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाईही देता येते. पण रोज तोंडी ठरलेला असेल तर 500 ठरला होता हे दाखवायला सोबत्यांची साक्ष लागतेच. आणि ठरलेला रोज जर त्या कामाच्या सरकारी किमान वेतनापेक्षाच कमी असेल, तर फरक ठरलेल्या रोजापासून न मोजता किमान वेतनापासून मोजावा. त्याच्या खाली कबूल होऊनही चालत नाही.

आता भाऊंचा अर्ज तयार आहे. महिनावार तक्ता, पासबुकाची झेरॉक्स, कॅलेंडरच्या सहा पानांचे फोटो आणि दोन सोबत्यांची नावं जोडली आहेत. तक्त्यात उचल आम्हीच पहिल्या ओळीत लिहिली, म्हणजे ती कोणाला शोधून दाखवायची गरज पडणार नाही.

अर्जाची कुणकुण लागताच जिनिंगवरून निरोप आला, 5,000 घ्या आणि "पूर्ण हिशोब मिळाला" या कागदावर सही करा. घरात अडचण आहे, पैसे नाकारा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? ते घेतले, पण त्यांच्या कागदावर सही केली नाही. आम्ही आमची पावती दिली : 10,960 पैकी 5,000 मिळाले, 5,960 बाकी. दिवाणजींनी ती दोनदा वाचली आणि ठेवून घेतली. तिची प्रत अर्जाला जोडली असून सोमवारी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज देणार आहोत.

आपला,
एक वाचक
जि. यवतमाळ