तन्वीच्या दंडावरचे दाणे

नाशिक

प्रिय मंजू,

तुझा मेसेज आणि तन्वीच्या दंडांचे फोटो काल ओपीडी संपल्यावर निवांत पाहिले. फोनवरच बोलले असते, पण तू अर्धं माझं ऐकतेस आणि उरलेलं सासूबाईंचं, म्हणून लिहूनच काढते. पत्र त्यांनाही वाचायला दे.

तन्वीला जे आहे त्याला केराटोसिस पिलारिस म्हणतात, आम्ही डॉक्टर नुसतं ‘केपी’ म्हणतो. वयात येणाऱ्या मुलामुलींत हे इतकं सर्रास दिसतं की तिच्या वर्गातल्या मुलींनी बाह्या वर केल्या तर ती एकटी नक्कीच नसेल.

आता तो दुसरा फोटो मोठा करून बघ. प्रत्येक दाणा केसाच्या छिद्रावरच आलाय आणि दोन दाण्यांमधली कातडी अगदी स्वच्छ आहे. मला हेच बघायचं होतं. कातडीचा वरचा थर सतत मरून गळत असतो. तो ज्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो ते केराटिन, नखात आणि केसात असतं तेच. काहींच्या केसाच्या छिद्राच्या तोंडाशी हे केराटिन नीट गळत नाही, साचतं आणि त्याचं बारीक बूच बसतं. हात फिरवला की किसणीसारखं लागतं ते हे बूच. भिंगाखाली पाहिलं तर कित्येकदा आत एक नाजूक केस वेटोळं करून बसलेला दिसतो, बाहेर यायला वाट नसते ना त्याला. भोवती थोडी लाली असते, आपल्या सावळ्या रंगावर ती तपकिरी दिसते.

तू लिहिलंस, ‘थंडीत काटा येतो तसं दिसतं, पण जातच नाही.’ बरोबर आहे. काटा येतो तो केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आखडल्यामुळे, आणि ऊब मिळाली की तो सैल पडतो. इथे स्नायूचा काही संबंधच नाही, बूच जागच्या जागी असतं, म्हणून उन्हात बसूनही दाणे तसेच राहतात.

सगळा प्रकार कातडीच्या अगदी वरच्या मजल्यावर चाललेला असतो. आत जंतू नाहीत, बुरशी नाही, म्हणून टॉवेल किंवा कपडे वापरून कोणाला लागत नाही. रक्ताशी, लिव्हरशी, पाळीशी संबंध नाही. याचा पुढे कॅन्सर होत नाही. खाजही बहुधा नसते, असली तरी किरकोळ. तेव्हा सासूबाईंचं ‘अंगात उष्णता आहे, रक्त खराब झालंय’ हे राहू दे. गुलकंद खाऊ द्या तिला, चांगलाच लागतो, पण दंडावर त्याने काही होणार नाही.

आलं कुठून म्हणशील, तर बहुतेक तुझ्याकडून. हे घराण्यात चालतं आणि आईवडिलांपैकी एकाला असलं तरी पुरतं. कॉलेजात तू उन्हाळ्यातही कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घ्यायचीस ते मला आठवतंय, तेव्हा आपल्या दोघींनाही याचं नाव माहीत नव्हतं. कोरड्या कातडीच्या माणसांत, लहानपणी एक्झिमा किंवा दमा असलेल्यांत हे जास्त दिसतं. आणि तुमच्या नागपूरचा हिवाळा म्हणजे कोरडा ठणठणीत, त्यामुळे दिवाळीनंतर वाढतं आणि पावसाळ्यात जरा मऊ पडतं. वयानुसार बऱ्याच जणींचं कमी होतं, काहींचं थोडं राहतं. तू आता स्वतःच्या दंडावर हात फिरवून बघ.

आता मला खरी काळजी वाटली ती तुमच्या उपायांची. टाच घासायची वजरी घेऊन तन्वी रोज दंड घासते, हे वाचून मी कपाळावर हात मारला. बूच छिद्रात आहे आणि वजरी सोलते भोवतालची चांगली कातडी. ती चिडते, आणखी जाड होते, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर प्रत्येक ओरखड्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. पहिल्या फोटोत डाव्या दंडावर जे काळे ठिपके आहेत ते केपीचे नाहीत, नखाने फोडल्याचे आहेत. नखाने कोरलं तर बूच निघतं खरं, पण काही दिवसांत पुन्हा बसतं आणि डाग तेवढा मागे उरतो.

आणि ती मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब. पहिल्या आठवड्यात फरक पडला आणि मग पुन्हा आलं, असं लिहिलंयस. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. त्याने लाली बसते, म्हणून बरं वाटतं, पण केराटिनच्या बुचाला ते हातही लावत नाही. महिनोन् महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, काखेजवळ ताणल्यासारखे कायमचे पट्टे उमटतात. दोनेक आठवडेच लावली असेल तर काही बिघडलं नसेल, पण आजपासून बंद.

खरा उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. आंघोळ कोमट पाण्याने आणि आटोपशीर, दंडाला उटणं-स्क्रब काही नको, साबण सौम्य. अंग टिपून घेतलं की कातडी ओलसर असतानाच १० टक्के युरिया किंवा १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचं क्रीम लावायचं, पुन्हा रात्री एकदा. युरिया पाणी धरून ठेवतो आणि केराटिन मऊ करतो, लॅक्टिक ॲसिड मेलेल्या पेशींची पकड सैल करतं. सुरुवातीला जरा चुणचुणतं. फार झोंबलं तर एक दिवसाआड लावा, आणि वॅक्सिंग केलेल्या दिवशी अजिबात नको. महिना-दोन महिन्यांत खरखर कमी होईल, रंग मात्र सावकाश उतरेल. क्रीम सोडलं की काही आठवड्यांत दाणे परत येतील. त्याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही, केराटिन साचायची सवय कातडीची आहे आणि ती औषधाने मोडत नाही. काहीच लावलं नाही तरी चालतं, हेही तन्वीला सांग. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जणी एवढं ऐकून औषध न घेताच जातात.

केपीसारखं दिसणारं पण वेगळं, असंही काही असतं. दाण्यांत पू धरला, दुखायला लागलं तर ते केसाच्या मुळाचं इन्फेक्शन. एकाच जागी अचानक गोल चकत्या उठल्या तर दाखवायला हवं. आणि दाणे मोठे, टोकदार, मुख्यतः कोपर-गुडघ्यांवर असतील तर आम्ही खाण्याची चौकशी करतो, कारण पोषण कमी पडणाऱ्या मुलांत, अ जीवनसत्त्व किंवा आवश्यक स्निग्ध आम्लं कमी पडली की तसं होतं. तन्वीची कोपरं फोटोत गुळगुळीत आहेत, आणि तुझ्या हातचं तूप-वरण खाणाऱ्या पोरीला ती शंका मी घेणार नाही. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र कोणी सुचवल्या म्हणून आपल्या मनाने देऊ नका, ते अंगात साठतं आणि जास्त झालं तर लिव्हरला बाधतं.

डिसेंबरातल्या लग्नासाठी तिला बिनबाह्यांचा ब्लाउज हवाय ना? मग शिवायला टाका. आज क्रीम सुरू केलं तर तोवर दंड बरेच मऊ होतील, आणि नाही झाले तरी मांडवात दंडावर हात फिरवून बघायला कोण येणार आहे! ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो आठवणीने पाठव, त्यात काय आहे ते बघून कळवते. भाऊजींना नमस्कार, सासूबाईंनाही.

तुझी,
वैशू