हलवायची वेळ आली की हरतो: झुग्झ्वांगबद्दल

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न सरळ आहे: पटावर काहीच धोका दिसत नसताना माणूस हरतो कसा? पटावर कुणी हल्ला चढवलेला नसतो, तरी हरतो, कारण बुद्धिबळात ‘पास’ म्हणता येत नाही. जर्मनमध्ये ‘त्सुग’ म्हणजे चाल आणि ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. आपल्याकडे झुग्झ्वांग म्हणतात.

पट मांड. पांढरा राजा f5 वर आणि प्यादे e4 वर, काळा राजा d4 वर आणि प्यादे e5 वर. प्रत्येक राजा स्वतःचे प्यादे राखतोय आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या प्याद्यावर डोळा ठेवून आहे. प्यादी समोरासमोर अडकलेली, म्हणजे चाल राजालाच करावी लागणार. पांढऱ्याची पाळी असेल तर राजा f5 सोडतो, काळा e4 चे प्यादे खातो आणि e5 चे प्यादे वजीर व्हायला निघते. पाळी काळ्याची असेल तर हेच उलट घडते. म्हणजे स्थिती तीच, पण ज्याची पाळी तो हरतो.

तर खरा प्रश्न तिथे पोचायचे कसे हा आहे. आता पांढरा राजा g6 वर ठेव, काळा c4 वर, प्यादी तशीच, चाल पांढऱ्याची. हात आपोआप f5 कडे जातो, कारण तिथून e5 वर हल्लाही होतो आणि e4 राखलेही जाते. पण Kf5 खेळलास, म्हणजे राजा f5 वर नेलास, की काळा Kd4 खेळतो, आणि वरच्या स्थितीत पाळी तुझी! बरोबर चाल आहे Kf6. e5 वर हल्ला तेवढाच होतो, पण f5 चे घर अजून तुझ्या हातात राहते. काळ्याला प्यादे वाचवायला Kd4 खेळावेच लागते. आता तू Kf5 खेळतोस आणि काळा अडकतो. त्याने Kc5 केले की Kxe5, म्हणजे तुझा राजा e5 चे प्यादे खातो, मग Kc6, Ke6, आणि तुझा राजा प्याद्याच्या पुढे चालत राहतो. म्हणून त्या अडकलेल्या घरात आधी पाऊल टाकू नकोस; समोरच्याला आधी टाकू दे.

आता त्याच पहिल्या स्थितीत पांढऱ्याला a2 वर आणि काळ्याला a5 वर एक-एक प्यादे दे. चाल पांढऱ्याची. राजा हलवलास तर गेलास, पण आता तुझ्याकडे प्याद्याची चाल आहे. a3 खेळलास तर काळा a4 खेळतो, तुझी चाल संपली, पुन्हा राजाच हलवायचा. थेट a4 खेळ! काळ्याचे a5 अडले, आता त्याच्याकडे फक्त राजाच्या चाली उरल्या. तो Kc4 करून तुझे a4 चे प्यादे मिळवायला धावेल: Kxe5 Kb4, Kd6 Kxa4, पण तोवर e प्यादे इतके पुढे जाते की त्याचे a प्यादे a2 वर पोचेपर्यंत तुझा वजीर झालेला असतो. मग Qe5 ने a1 चे घर राखून जिंकायचे.

या एका उदाहरणातून सवय लावून घे: घरच्या रांगेत उभे असलेले प्यादे एक किंवा दोन घरे जाऊ शकते, म्हणून ते दोन पर्याय हातात ठेवते. मध्यम दर्जाचे खेळाडू ‘काहीतरी खेळू’ म्हणून h3 किंवा a3 आधीच खेळून टाकतात आणि अंतिम भागात त्याची किंमत मोजतात. राजाने कोंडी करायच्या आधी दोन्ही बाजूंच्या उरलेल्या प्याद्यांच्या चाली मोज, बोटावर मोजायच्या असतात.

घोड्याबद्दल एक गोष्ट. राजा तीन चालींचा वळसा घालून पाळी समोरच्यावर ढकलू शकतो, उंट आपल्याच तिरप्या रेषेवर एक चाल वाया घालवू शकतो, पण घोड्याला हे जमतच नाही, कारण तो प्रत्येक चालीला घराचा रंग बदलतो. पांढरा राजा h8 वर, प्यादे h7 वर, सोबत घोडा. काळा एकटा राजा f7 आणि f8 मध्ये ये-जा करतो. पांढऱ्याची पाळी असताना काळा राजा घोड्याच्याच रंगाच्या घरावर असेल तर एक घोडा जास्त असूनही डाव बरोबरीत. काळा एकदा चुकीच्या रंगावर गेला की घोडा दुसऱ्या घरावर पहारा बसवतो, काळ्या राजाला बाजूला हटावे लागते आणि Kg7 किंवा Kg8 खेळून प्यादे जाते पुढे.

एक धोका मात्र ध्यानात ठेव. समोरच्याकडे वाईट चाल असणे आणि चालच नसणे यात फरक आहे. राजाला शह नसताना एकही चाल उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून कोंडी पूर्ण करायच्या आधी बघ, त्याच्याकडे किमान एक चाल तरी आहे ना.

पट मांडून ही पहिली स्थिती दोन्ही बाजूंनी खेळून बघ, आणि a2-a5 वाल्यात a3 खेळल्यावर काळा नेमका कसा जिंकतो तेही लिहून पाठव.

तुझा,
श्रीकांत