मुदतपूर्तीची रक्कम मोठी दिसते, परतावा मात्र साडेपाच टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पुरवणीतील विम्यावरचा लेख वाचला आणि रात्री उशिरापर्यंत अस्वस्थ राहिलो. मुदतीअखेर एकरकमी पैसे देणाऱ्या एंडोमेंट आणि मध्येमध्ये काही रक्कम परत करणाऱ्या मनीबॅक विमा योजनांमध्ये ‘सुमारे आठ टक्के परतावा आणि वर विम्याचे संरक्षण’ मिळते, असे लेखकाने बेधडक लिहिले आहे. हा आठचा आकडा कोठून आला असावा, ते माझ्या लक्षात आले. योजना विकताना जो लाभ-तक्ता ग्राहकापुढे ठेवावा लागतो, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. परंतु कंपनीच्या गुंतवणुकीवर एवढे उत्पन्न मिळाले तर काय होईल, एवढेच ते रकाने सांगतात. ते टक्के हप्ता भरणाऱ्याच्या पदरात पडणारे नव्हेत, आणि त्यांची हमीही कोणी देत नाही. खर्च, कमिशन आणि विम्याची किंमत वजा होऊन जे उरते, ते ग्राहकाचे. एका प्रतिष्ठित दैनिकात ही चूक छापली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः याच समजुतीने सही केली होती.

मार्च २००५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी ५ लाखांची वीस वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला २५,००० रुपये होता. घरी आलेल्या विमा प्रतिनिधीने माझ्याच मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर बोनसचा हिशेब मांडून दाखवला होता. ते पान मी पॉलिसीच्या कागदांत जपून ठेवले आहे. मार्च २०२५ मध्ये ९ लाख २० हजार रुपये खात्यात जमा झाले. पाच लाख भरून सव्वानऊ लाख मिळाले, म्हणून घरात पेढे आणले गेले. आठवड्याभराने मी संगणकावर एका रकान्यात वीस हप्ते उणे चिन्हाने आणि एकविसाव्या घरात मुदतपूर्तीची रक्कम लिहिली, आणि खाली वार्षिक परतावा काढणारे `=IRR(A1:A21)` हे सूत्र दिले. उत्तर आले साडेपाच टक्के.

उत्तर इतके कमी का, हे समजायला बोनसची रीत पाहावी लागते. मला विमा रकमेच्या दर हजारामागे सरासरी ४२ रुपये बोनस मिळाला, म्हणजे वर्षाला २१,००० रुपये. ‘हजारी ४२’ ऐकले की सव्वाचार टक्के जास्तीचे मिळाले असे वाटते. पण हा बोनस मूळ विमा रकमेवर लागतो, आधी जमा झालेल्या बोनसवर लागत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी, जेव्हा माझे फक्त २५,००० रुपये कंपनीकडे होते, तेव्हा २१,००० मिळाले; आणि विसाव्या वर्षी, जेव्हा पाच लाख भरून झाले होते, तेव्हाही २१,०००च. शिवाय तो हातात येतो मुदत संपल्यावर, आणि वाट पाहिल्याबद्दल त्यावर काही मिळत नाही. त्यातच त्या काळच्या विमा कायद्यानुसार दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत पहिल्या हप्त्यातून ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येत असे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्क्यांपर्यंत. ज्या पैशाला वाढायला सर्वांत जास्त वर्षे मिळाली असती, त्याचाच मोठा भाग आरंभी निघून जातो. उरलेल्यातला किमान निम्मा पैसा नियमाने सरकारी व तत्सम मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो. पैसा सुरक्षित राहतो हे खरे. पण रोख्यांवरील व्याजातून हे सगळे खर्च भागवल्यावर फार काही उरणे शक्य नसते.

लेखक म्हणतात, सुरक्षित पर्यायात याहून जास्त मिळत नाही. म्हणून मी शेअर बाजाराचे नावही न घेता पीपीएफचे उदाहरण देतो. त्या वेळी ५ लाखांचा निव्वळ मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा टर्म, वर्षाला २,००० रुपयांना मिळाला असता असे धरू. उरलेले २३,००० दर मार्चअखेरीस टपाल कार्यालयातील पीपीएफ खात्यात भरले असते आणि पंधरा वर्षांनंतर खाते पाच वर्षांनी वाढवले असते, तर त्या-त्या वर्षी जाहीर झालेल्या दरांनी, म्हणजे आरंभीचे ८ टक्के, मधल्या काळातील पावणेनऊच्या आसपासचे दर आणि २०२० नंतरचे ७.१ टक्के धरून, मार्च २०२५ अखेर सुमारे ११ लाख रुपये झाले असते. तेही करमुक्त.

आणि मी दहा वर्षांनीच गेलो असतो तर? पॉलिसीतून घरच्यांना ५ लाख आणि तोवरचा बोनस २ लाख १० हजार, म्हणजे ७ लाख १० हजार मिळाले असते. टर्ममध्ये ५ लाख आणि पीपीएफमधील सुमारे ३ लाख ६७ हजार, असे पावणेनऊ लाखांच्या जवळपास मिळाले असते. ‘टर्ममध्ये पैसे बुडतात’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.

खरी खंत मात्र वेगळीच आहे. २०११ मध्ये आम्ही १२ लाखांचे गृहकर्ज घेतले. त्या रात्री पत्नीने पॉलिसीची प्लॅस्टिकची पिशवी समोर ठेवून विचारले, “तुम्हाला काही झालं, तर यातून घर सुटेल ना?” मी “हो” म्हणालो. ते खोटे होते, कारण माझ्यावर विमा होता पाच लाखांचा. त्याच २५,००० रुपयांत १०,००० टर्मला देऊन २५ लाखांचे संरक्षण घेता आले असते आणि उरलेल्या १५,००० रुपयांचे पीपीएफमध्ये सव्वासात लाख झाले असते. शेवटी हातात दोन लाख कमी आले असते. पण कर्जाची ती सगळी वर्षे घर सुरक्षित राहिले असते. मी तो व्यवहार आनंदाने केला असता.

मनीबॅकबद्दल लेखात ‘दर पाच वर्षांनी हमखास कमाई’ असे शब्द आहेत. पाच लाखांच्या पॉलिसीत पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी येणारे एकेक लाख हे आपल्याच हप्त्यांतले असतात, आणि ते मध्येच परत करायचे म्हणून त्याच विमा रकमेसाठी हप्ता एंडोमेंटपेक्षाही जास्त असतो. माझ्या मेहुण्याला परत मिळालेल्या अशा दोन रकमा फ्रिज आणि लग्नातील आहेर यांत गेल्या.

टर्म घेऊन उरलेली रक्कम नियमाने बाजूला टाकता आली नाही, तर माझा हिशेब कोलमडतो, हे मान्य आहे. तसेच ज्यांची पॉलिसी बारा-पंधरा वर्षे चालली आहे, त्यांनी हे पत्र वाचून ती लगेच मोडू नये. आरंभीचे खर्च वसूल होऊन गेलेले असतात. आज मोडून मिळणारी रक्कम, हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम आणि चालू ठेवल्यास मिळणारी रक्कम, ही तिन्ही कंपनीकडून लेखी मागवावीत आणि मगच ठरवावे. टर्म आधी हातात घेतल्याशिवाय जुने संरक्षण सोडू नये.

आणखी एक तक्रार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी शून्य झाला. पूर्वी टर्मच्या पूर्ण हप्त्यावर १८ टक्के कर होता, तर एंडोमेंटवर पहिल्या वर्षी साडेचार आणि नंतर सव्वादोन टक्के. म्हणजे या बदलाचा मोठा लाभ टर्म घेणाऱ्यालाच झाला. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही, तक्ता मात्र जुन्या करासह छापलेला आहे.

पुढील पुरवणीत ‘आठ टक्के’ या विधानाची दुरुस्ती छापावी आणि त्याच लेखातील पॉलिसीचे हप्ते व मिळणारी रक्कम वर्षवार देऊन खरा परतावा किती येतो ते दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली