स्नेहसंमेलनाचे फोटो मागच्या रांगेतून काढताना

सर्व पालकांना नमस्कार. लांबून मोबाइलवर काढलेल्या फोटोंत मुलांचे चेहरे बऱ्याचदा पांढरेफटक येतात. सभागृहात अंधार आणि स्टेजवर झगझगीत दिवे असतात. फोन अख्ख्या चौकटीचा हिशेब धरून उजेड वाढवतो, त्यात नाक-डोळे पुसले जातात. असा फोटो नंतर एडिट करूनही सुधारत नाही.

म्हणून पडदा उघडला की स्क्रीनवर आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस लॉक झाला की बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह दिसतं. ते खाली सरकवा, चेहऱ्याचा खरा रंग दिसेपर्यंत. मागचा पडदा काळा पडला तरी चालेल. दिवे बदलले की हे पुन्हा करावं लागेल.

फ्लॅश मात्र कृपया बंदच ठेवा. तो जेमतेम तीन-चार मीटर पोहोचतो, त्यामुळे पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात आणि स्टेजवरच्या मुलांचं लक्ष विचलित होतं.

नाचात हात-पाय पुसट येतात, तेव्हा मुलं पोझ घेऊन क्षणभर थांबतात तेवढ्यात लागोपाठ चार-पाच फोटो घ्या. हात खुर्चीच्या हातावर टेकवा, फोन डोक्यावर धरू नका. मागच्यांनाही आपलं मूल बघायचं असतं.