प्राप्तिकराचे स्लॅब महागाईशी जोडा: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री,
भारत सरकार

सादर नमस्कार.

मी पगारदारांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो. विवरणपत्रांच्या दिवसांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: पगार वाढला, मग हातात काही का उरलं नाही? बहुतेकांना वाटते की आपलाच कुठेतरी हिशेब चुकला असेल. त्यांचा हिशेब बरोबर असतो. पगार महागाईबरोबर सरकतो आणि कराचे स्लॅब जागच्या जागी राहतात, म्हणून हे घडते. त्याबद्दल हे पत्र.

आपल्या 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर रिबेट देऊन शून्यावर आणला. त्यात 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळवली की 12 लाख 75 हजार पगार असलेल्याला काहीच कर भरावा लागत नाही. मध्यमवर्गाला यातून खरा दिलासा मिळाला आणि मी तो मनापासून मानतो. आता याच माणसाला पुढच्या वर्षी 4 टक्के पगारवाढ मिळाली आणि त्या वर्षी महागाईही 4 टक्केच होती, असे धरू. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्यही तेवढेच आहे, म्हणजे हे सगळे सुरळीत चाललेल्या वर्षाचे चित्र आहे.

पगार 51 हजारांनी वाढून 13 लाख 26 हजार झाला. वजावट 75 हजारच राहिली, म्हणून करपात्र उत्पन्न 12 लाख 51 हजारांवर गेले. रिबेटची मर्यादा ओलांडली गेली आणि स्लॅबप्रमाणे कर निघाला 67,650 रुपये. कायद्यातील मार्जिनल रिलीफमुळे तो 12 लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे 51 हजारांवर थांबतो. त्यावर 4 टक्के उपकर लागतो आणि एकूण देणे होते 53,040 रुपये. वाढ 51 हजारांची आणि कर 53 हजारांचा. हातात येणारी रक्कम गेल्या वर्षीपेक्षा 2,040 रुपयांनी कमी झाली आणि दरम्यान प्रत्येक वस्तू 4 टक्क्यांनी महागली. गेल्या वर्षीच्या किमतींत मोजले तर या माणसाचे उत्पन्न 12 लाख 75 हजारांवरून 12 लाख 24 हजारांवर आले. तो श्रीमंत झालेला नाही, पण कायद्याने त्याला श्रीमंत धरले.

हे उदाहरण रिबेटच्या काठावरचे आहे, म्हणून परिणाम इतका तीव्र दिसतो, हे मान्य. काठापासून दूर असलेल्याचे नुकसान हळू होते, पण ते चुकत नाही. 20 लाख 75 हजार पगारावर आज उपकरासह 2 लाख 8 हजार कर लागतो. त्याच 4 टक्के वाढीनंतर तो 2 लाख 29 हजार 580 होतो. पगार 4 टक्क्यांनी वाढला, कर 10 टक्क्यांहून जास्त. कराचा बोजा पूर्वीइतकाच ठेवायचा असता तर 2 लाख 16 हजार 320 रुपये पुरले असते. वरचे 13,260 रुपये कोणत्याही अर्थसंकल्पात जाहीर न होता, कुठलाही दर न वाढवता तिजोरीत जमा झाले. पुढच्या वर्षी त्यात आणखी भर पडते.

वर्षे उलटली की काय होते ते जुन्या करप्रणालीत दिसते. 10 लाखांवर 30 टक्के ही मर्यादा 2012 च्या अर्थसंकल्पाने आखली आणि ती आजही तशीच आहे. सरकारचाच कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स घेतला तर तो 2012-13 मध्ये 200 होता आणि 2025-26 साठी 376 आहे. म्हणजे त्या वेळच्या 10 लाखांची जागा आज 18 लाख 80 हजारांना आहे. तीही कमीच, कारण हा निर्देशांक शहरी ग्राहक महागाईच्या फक्त 75 टक्के वाढ मोजतो. 2012 च्या पैशांत जेमतेम सव्वापाच लाख कमावणारा आज या प्रणालीत सर्वोच्च दराच्या दारात उभा आहे. असा निर्णय संसदेने कधीच घेतलेला नाही.

महागाई मोजून आकडे सरकवण्याची पद्धत सरकारला नवी नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारला जातो. भांडवली नफ्यासाठी तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ दरवर्षी निर्देशांक अधिसूचित करते. महागाईने फुगलेला नफा हा खरा नफा नव्हे, हे तत्त्व मालमत्तेच्या बाबतीत कायद्याने फार पूर्वी मान्य केले. पगाराच्या बाबतीत ते मान्य का होऊ नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

उपाय सोपा आहे. दरवर्षी स्लॅबच्या सगळ्या मर्यादा, रिबेटची मर्यादा आणि प्रमाणित वजावट ग्राहक महागाईच्या प्रमाणात सरकवायच्या. वरच्या पहिल्या उदाहरणात रिबेटची मर्यादा 12 लाख 48 हजार आणि वजावट 78 हजार झाली असती. 13 लाख 26 हजार पगारातून वजावट गेली की नेमके 12 लाख 48 हजार उरतात. कर शून्य, आणि त्या माणसाची क्रयशक्ती जशीच्या तशी.

पण हे अर्धवट केले तर हेतू फसतो. कॅनडाने 1986 पासून महागाईचे पहिले 3 टक्के सोडून त्यावरच्या भागापुरतेच स्लॅब वाढवले. महागाई कमी असलेल्या वर्षांत ते हललेच नाहीत आणि 2000 मध्ये पूर्ण जोडणी परत आणावी लागली. म्हणून आपल्याकडे 75 टक्क्यांचे सूत्र स्लॅबना लावू नये. दुसरा धोका पूर्णांकाचा. 4 लाखांच्या मर्यादेत 4 टक्के म्हणजे फक्त 16 हजार. आकडे जवळच्या 50 हजारांत बसवायचे ठरले तर मर्यादा त्या वर्षी जागची हलणारच नाही. आकडा हजारांत बसवावा आणि पुढच्या वर्षीचा हिशेब मूळ, न तोडलेल्या आकड्यावरून करावा, म्हणजे तुटलेला भाग साचून हरवत नाही.

यावर महसूल घटेल, असा आक्षेप येतो. घटतो तो न सांगता वाढणारा भाग. लोकांचे खरे उत्पन्न वाढले की ते या जोडणीनंतरही वरच्या स्लॅबमध्ये जातील आणि जास्त कर देतील. तेच न्याय्य आहे. सरकारला जास्त पैसा हवा असेल तर दर वाढवण्याचा अधिकार कोणी काढून घेत नाही. अमेरिकेने 1981 मध्ये कायदा करून 1985 पासून स्लॅब महागाईशी जोडले, तरी त्यानंतर तिथे दर अनेकदा बदलले. ब्रिटनमध्ये 1977 पासून करमुक्त मर्यादेची वाढ कायद्यातच आहे. 2021 पासून ती 12,570 पौंडांवर गोठवण्यासाठी तिथल्या सरकारला उघडपणे कायद्यात तसे लिहावे लागले आणि त्यावर टीका ऐकावी लागली. आपल्याकडे नेमके उलटे आहे. काहीच न करणे हीच करवाढ होते आणि काही वर्षांनी तीच थोडी परत दिली की सवलत म्हणून जाहीर होते.

माझी विनंती इतकीच आहे. पुढच्या वित्त विधेयकात दोन्ही करप्रणालींसाठी एक कलम घालावे: सप्टेंबरला संपणाऱ्या बारा महिन्यांच्या सरासरी ग्राहक किंमत निर्देशांकाची त्याआधीच्या बारा महिन्यांशी तुलना करून मंडळाने सर्व मर्यादा एप्रिलपूर्वी अधिसूचित कराव्यात. एखाद्या वर्षी ही वाढ थांबवायची असेल तर सरकारने तसे स्वतंत्र कलम लोकसभेत मांडून त्यावर मत घ्यावे.

आपला,
एक करदाता आणि करसल्लागार